तुटक वाक्यं जोडायची सोपी युक्ती

"आजी उठली. तिने चूल पेटवली. तिने चहा टाकला. पाऊस थांबला नव्हता." अशी एकाच मापाची वाक्यं ओळीने आली की वाचताना ठेचा लागतात.

परिच्छेद मोठ्याने वाचा. लागोपाठच्या वाक्यांचा कर्ता एकच असेल तर ती 'ऊन' आणि 'आणि'ने जोडा: "आजीने उठून चूल पेटवली आणि चहा टाकला. पाऊस थांबला नव्हता." मुख्य क्रियापद 'पेटवली' असल्यामुळे 'आजी'चं 'आजीने' झालं, तेवढं सांभाळा. पावसाचं वाक्य मुद्दाम आखूड ठेवलंय. लांब वाक्यामागून आल्यामुळे आता ते ठसतं. सगळीच जोडलीत तर पुन्हा एकसुरीच होईल.

कर्ता बदलला तर मात्र जपून. "पाऊस थांबून आजी बाहेर गेली" हे खटकतं. तिथे "पाऊस थांबल्यावर" लिहा.