पदवीदानाच्या दिवशी लेकीबद्दल काय लिहावं

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पदवीदान समारंभ झाला, की आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटासमोरचे फोटो घरोघरच्या ग्रुपवर येतात. फोटोखालचा मजकूर बहुधा असा असतो:

"अखेर आमची लेक बी.ए. झाली! दादासारखी इंजिनियर नाही झाली, पण ७२ टक्के मिळवले. आमच्या कष्टांचं चीज झालं. आता यूपीएससी करून घराण्याचं नाव काढणार!"

प्रेमानेच लिहिलेलं आहे. फक्त ते लेकीच्या जागी बसून वाचून पाहा.

आधी बारीक शब्द शोधा. 'अखेर' म्हटलं की उशीर झाला असं ऐकू येतं. 'पण' आला की त्याच्या आधीचं उणं लक्षात राहतं आणि पुढचं कौतुक वाहून जातं. त्यामुळे नुसता 'पण' खोडून भागत नाही, दादाचं अख्खं वाक्यच जायला हवं. 'दादाइतकीच हुशार' हीसुद्धा तुलनाच, गोड असली तरी.

मग प्रत्येक वाक्यात करणारा कोण, ते बघा. 'आमच्या कष्टांचं चीज झालं' यात पदवी आई-बाबांची होते. यूपीएससीचं वाक्य तर तिच्या वतीने चारचौघांत दिलेला शब्दच आहे. उद्या तिचा विचार बदलला, तर उत्तरं तिला द्यावी लागतील. तिने स्वतः जाहीर केलं नसेल, तर ते काढा.

एवढं काढल्यावर उरतं ते 'हार्दिक अभिनंदन', आणि ते बँकेच्या मेसेजसारखं कोरडं लागतं. बरेच जण इथेच अडतात आणि विशेषणं भरतात. त्याऐवजी तीन वर्षांत तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहा. टक्के तिला सांगायचे असतील तर ती सांगेल.

"आज आमची लेक अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली. पहिल्या वर्षी आकडेवारीचा पेपर तिला जड गेला, तेव्हा रोज पहाटे उठून तिने तो स्वतःच्या पद्धतीने समजून घेतला. ती चिकाटी आम्ही जवळून पाहिली. तिचा खूप अभिमान वाटतो. आज रात्री शेव-उसळ, तिच्या आवडीची!"

पेपर जड गेल्याचं सगळ्यांना कळलेलं तिला चालेल का, हे तिलाच विचारावं लागेल. म्हणून टाकण्याआधी मजकूर तिला दाखवा. "चालेल ना?" असं विचारलं तर मुलं बहुधा "हो" म्हणून मोकळी होतात. "यातलं काय काढू?" असं विचारा. ती खांदे उडवून "टाका काहीही" म्हणाली, तर ते वाक्य काढून दुसरी आठवण घ्या.

राहिली खालची विचारपूस. "पुढे काय?" हा आत्याचा प्रश्न येणारच. "ते तिच्याच तोंडून ऐका, आज पेढे खायला या," एवढं उत्तर पुरतं.