वीजबिलात रीडिंग चुकलं: 1912 हेल्पलाइनपासून विद्युत लोकपालापर्यंत

समजा, मीटरवर 4312 दिसतंय आणि बिलात चालू रीडिंग 4812 छापलंय. मागचं रीडिंग 4190. म्हणजे 122 युनिटऐवजी 622 युनिटचं बिल. ‘पुढच्या महिन्यात आपोआप वळतं होईल’ असं काउंटरवर सांगतील. पण घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. फुगलेली युनिटं महागड्या टप्प्यात मोजली गेलेली असतात, म्हणून नुसतं वळतं करून चालत नाही, बिलच दुरुस्त करून घ्यावं लागतं.

आधी मीटरचा फोटो काढा. स्क्रीनवर तारीख, वेळ, मागणी असं काहीबाही फिरत असतं. kWh म्हणजे युनिटचा आकडा येईपर्यंत थांबा. फोटोत मीटर क्रमांकही यायला हवा. मग 1912 वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक, तारीख बिलाच्याच पाठीवर लिहून ठेवा. ‘मीटर फास्ट आहे’ म्हणू नका. तसं म्हटलं की प्रकरण मीटर तपासणीकडे जातं आणि साधी आकड्याची चूक मागे पडते.

तक्रार ‘निकाली’ दाखवली, बिल मात्र तेच, असं बरेचदा होतं. तेव्हा नवी तक्रार नोंदवू नका. जुनाच क्रमांक घालून उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, फोटो आणि बिलाची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला.

मधल्या काळात जोडणी तुटण्याची भीती असते. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 नुसार तोडण्याआधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वीज तोडता येत नाही. बिल 9,100 रुपयांचं आणि सरासरी 1,150 असेल तर 1,150 भरा. ‘हरकत राखून’ हे शब्द पत्रात लिहा, पावती जोडून ठेवा.

तरीही दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि पुढे ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. तोच वाद न्यायालयात चालू असेल तर मंच अर्ज घेत नाही.

मंचाचा आदेश पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालाकडे, म्हणजे मुंबई किंवा नागपूरच्या कार्यालयात. आदेशाने पैसे भरायचे ठरले असतील तर त्यांतले निम्मे, जास्तीत जास्त 25,000 रुपये, अनामत ठेवावे लागतात. लोकपालाकडे नवी कहाणी सांगू नका. पहिला फोटो, 1912 चा क्रमांक, शिक्क्याची प्रत, पावती आणि मंचाचा आदेश तारखेच्या क्रमाने लावून द्या.