आखेनमधली खोली : डिपॉझिट नेमकं कोणाच्या हाती जातं?

बजाजनगरात किंवा प्रतापनगरात खोली किरायाने घेताना डिपॉझिटचा फार विचार कोणी करत नाही. एक-दोन महिन्यांचा किराया आगाऊ द्यायचा, अकरा महिन्यांचा करारनामा करायचा आणि खोली सोडायची वेळ आली की घरमालकांना सांगायचं, "काका, शेवटचा महिना डिपॉझिटमधून कापून घ्या." नागपुरातून इंजिनीअरिंग करून मास्टर्ससाठी जर्मनीला जाणारी मुलं हीच सवय आखेनला घेऊन जातात आणि पहिला फटका तिथेच बसतो. जर्मनीत शेवटचा किराया डिपॉझिटमधून वळता करता येत नाही. किराया थांबवला तर ती सरळ थकबाकी ठरते, कारण डिपॉझिट हे घर सोडल्यानंतर निघणाऱ्या हिशेबासाठी ठेवलेलं तारण असतं. तो हिशेब कधीकधी वर्षभराने निघतो.

आखेनमध्ये बहुतेक विद्यार्थी 'वेगे'मध्ये राहतात. वेगे म्हणजे सामायिक फ्लॅट : प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि बाथरूम मिळून. जाहिरातीत खोलीचे फोटो आणि किराया दिसतो, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथे लिहिलेली नसते. ती म्हणजे तुमचा करार कोणाशी होणार. हा प्रश्न किरायाच्या आधी विचारा, कारण डिपॉझिटची सुरक्षितता, खोली सोडायची मुदत आणि बिलांची जबाबदारी या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर ठरतात.

उत्तरं तीन असू शकतात. पहिलं, घरमालक प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करार करतो. नवख्या माणसासाठी हे सर्वांत सरळ, कारण शेजारच्या खोलीतल्याने किराया थकवला तरी तुम्हाला कोणी विचारत नाही. दुसरं, तिघं मिळून एकाच करारावर सह्या करतात. इथे तिघंही पूर्ण किरायाला जबाबदार असतात. एकाने पैसे दिले नाहीत तर मालक त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांकडून मागू शकतो, आणि एकट्याला नोटीस देऊन करारातून बाहेर पडता येत नाही. तिसरं, एक मुख्य भाडेकरू असतो आणि तो तुम्हाला पोटभाडेकरू म्हणून ठेवतो. तिथे तुमचा 'मालक' म्हणजे तोच. अशा वेळी खऱ्या मालकाची लेखी परवानगी दाखवायला सांगा. परवानगी नसेल तर मालक त्याचा करार मोडू शकतो, आणि मुख्य करार संपला की तुम्हालाही खोली सोडावी लागते.

आता डिपॉझिट. जर्मन भाषेत त्याला काउत्सिओन म्हणतात. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्टमीटे'इतकं असू शकतं. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचा किराया. त्यात पाणी, हीटिंग, कचरा आणि जिन्याची सफाई यांचा, म्हणजे सेवाखर्चाचा, आगाऊ हप्ता मिळवला की 'वार्ममीटे' होते. काही जण वार्ममीटेच्या तिप्पट डिपॉझिट मागतात, ते मान्य करायचं कारण नाही.

समजा, खोलीची काल्टमीटे ३२० युरो आहे, सेवाखर्चाचा हप्ता ९० युरो, आणि वीज-इंटरनेटसाठी सोबत्यांना २५ युरो द्यायचे आहेत. म्हणजे दर महिन्याला ४३५ युरो. डिपॉझिटची कमाल मर्यादा ९६०. दोन्ही एकदम द्यायचे तर पहिल्याच महिन्यात १,३९५ युरो लागतात. आता हे व्हिसासाठी उघडलेल्या ब्लॉक्ड अकाउंटशी ताडून बघा. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांना त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात, आणि तेही जर्मनीत बँक खातं उघडून पैसे सुरू झाल्यावर. अडचण इथे येते. पण कायद्याने भाडेकरूला डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे : पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना, पुढचे दोन त्यानंतरच्या दोन किरायांबरोबर. मग पहिल्या महिन्याचा आकडा ४३५ अधिक ३२०, म्हणजे ७५५ युरोंवर येतो. करारात 'पूर्ण डिपॉझिट आधी' असं छापलेलं असलं तरी हा हक्क जात नाही. तरीही विमानात बसताना किमान दोन महिन्यांची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटबाहेर, काढता येईल अशी ठेवा.

डिपॉझिट पैशांच्या स्वरूपात दिलं असेल तर मालकाने ते स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवायचं असतं, म्हणजे उद्या त्याचं दिवाळं निघालं तरी ते धनकोंच्या हाती जात नाही. पोटभाडेकरूच्या बाबतीत हीच जबाबदारी मुख्य भाडेकरूवर येते, आणि तिथेच ती सर्वांत जास्त विसरली जाते. विद्यार्थी मुख्य भाडेकरू ते पैसे चालू खात्यात ठेवतो, खर्चून टाकतो आणि पुढचा भाडेकरू आला की त्याच्या पैशांतून तुमचे परत करतो. म्हणून खातं कुठलं हे लेखी विचारा आणि पैसे बँकेतूनच द्या. वर्णनात 'काउत्सिओन', खोलीचा पत्ता आणि तुमचं नाव लिहा.

सगळ्यात अवघड प्रकार आहे तो एकत्र कराराच्या फ्लॅटमध्ये कोणाच्या तरी जागी शिरण्याचा. मालकाकडे तिघांचे मिळून २,८८० युरो आधीच पडून असतात. जाणारा मुलगा म्हणतो, "माझे ९६० तू मला दे, मालकाकडचे तुझे झाले." ही पद्धत रूढ आहे आणि बेकायदा नाही. पण इथे तीन हप्त्यांचा हक्क चालत नाही, कारण तो मालकासमोरचा आहे. शिवाय तुम्ही त्याच्या डिपॉझिटबरोबर त्याचा राहिलेला हिशेबही विकत घेता.

तो हिशेब असा तयार होतो. सेवाखर्चाचे ९० युरो हा अंदाजाने ठरवलेला हप्ता आहे. वर्ष संपलं की मालक खरा खर्च काढतो. हीटिंग आणि गरम पाण्याच्या खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग सहसा मीटरवरच्या वापराप्रमाणे आणि उरलेला फ्लॅटच्या आकाराप्रमाणे वाटला जातो. हा हिशेब पाठवायला त्याला हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात. म्हणजे २०२५ सालचा हिशेब ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत हातात पडला पाहिजे. उशीर मालकाच्या चुकीने झाला असेल तर वाढीव रक्कम त्याला मागता येत नाही, मात्र तुमचे पैसे जास्त जमा असतील तर ते द्यावेच लागतात.

समजा, तुम्ही १ ऑक्टोबर २०२५ ला शिरलात आणि नोव्हेंबर २०२६ मध्ये फ्लॅटवर ३६० युरोंची वाढीव मागणी आली. एका खोलीच्या वाट्याला १२०. महिन्यांनी मोजलं तर नऊ महिने जुन्याचे, तीन तुमचे : ९० त्याचे आणि ३० तुमचे. पण मालक मागणार ती आत्ता राहणाऱ्यांकडून, आणि जुना मुलगा तोवर म्युनिकला नोकरीला लागलेला असतो. म्हणून ९६० पैकी १५० युरो हिशेब येईपर्यंत राखून ठेवा आणि उरलेले ८१० द्या. एका पानावर दोघांच्या सह्या घ्या : किती राखले, कोणत्या वर्षासाठी, हिशेब आल्यावर किती दिवसांत फरक द्यायचा. नुसती महिन्यांची वाटणीही हीटिंगला न्याय देत नाही, कारण थंडी वर्षाच्या दोन्ही टोकांना असते. त्यामुळे ताबा घेताना रेडिएटरवरच्या मोजणीयंत्रांचे आणि विजेच्या मीटरचे आकडे तारखेसह फोटोत घ्या. जाणारा यातल्या कशालाच तयार नसेल तर त्याच्याकडे थकबाकी असण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी मालकाला ईमेल करून हिशेबाची स्थिती विचारणं योग्य.

विजेचं वेगळं. नागपुरात महावितरणचं बिल दर महिन्याच्या वापरावर येतं, मे महिन्यात कूलर चालला की फुगतं आणि लगेच कळतं. जर्मनीत वर्षभर ठरलेला हप्ता जातो आणि खरा हिशेब वर्षाशेवटी निघतो. ज्याच्या नावावर वीज जोडणी आहे त्याला सगळं भरावं लागतं, म्हणून कोण आला-गेला त्या प्रत्येक तारखेचा मीटर आकडा स्वयंपाकघरातल्या कागदावर नोंदवायची पद्धत पाडा. याशिवाय सरकारी रेडिओ-टीव्हीचं शुल्क असतं, ऑगस्ट २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो. ते माणशी नसून घरामागे असतं. पत्र आलं तर घाबरून वेगळं भरू नका. आधीच भरणाऱ्या सोबत्याचा शुल्क क्रमांक कळवा आणि तुमचा तिसरा हिस्सा, ६.१२ युरो, त्याला द्या.

डिपॉझिटमधून कापले जाणारे पैसे बऱ्याचदा बुरशीचे असतात, आणि नागपूरकरांना हे आधी कळत नाही, कारण आपल्याकडची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. तिथल्या घट्ट बंद खिडक्यांच्या खोलीत फोडणी, भाताची वाफ आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे यांची ओल बाहेर जात नाही. ती थंड बाहेरच्या भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळे ठिपके येतात. उपाय म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा खिडकी पूर्ण उघडून पाच ते दहा मिनिटं हवा खेळवायची. दिवसभर फट ठेवली तर भिंत गार होते आणि बुरशी उलट वाढते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर नाही तरी चार बोटं पुढे ओढा. ठिपके आधीपासून असतील तर ताबा घेतानाच्या नोंदपत्रात, म्हणजे 'उबरगाबेप्रोटोकोल'मध्ये, भिंतीसकट लिहून घ्या. त्यावर दोन्ही सह्या हव्यात आणि एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

सोडायची मुदत. बेमुदत करारात भाडेकरूची नोटीस साधारण तीन महिन्यांची. ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाला मिळाली तर तो महिना धरला जातो. जुलैच्या सुरुवातीला पोचली तर करार ३० सप्टेंबरला संपतो, एक दिवस उशीर झाला तर ३१ ऑक्टोबरला, आणि एक किराया जास्त जातो. नोटीस कागदावर, हाताने सही केलेली लागते. व्हॉट्सॲप किंवा ईमेलने दिलेली ग्राह्य नाही. मालक किंवा मुख्य भाडेकरू स्वतः त्याच घरात राहत असेल आणि त्याने खोली सामानासह दिली असेल तर सहसा १५ तारखेपर्यंत दिलेल्या नोटिशीवर महिनाअखेर बाहेर पडता येतं. ठरावीक मुदतीचा करार मात्र मध्येच मोडता येत नाही. सहा महिन्यांची इंटर्नशिप दुसऱ्या शहरात लागण्याची शक्यता असेल तर पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी सहीआधीच करारात घालून घ्या.

एका गोष्टीवर तडजोड करू नका : राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. "खोली आहे, पण नोंदणी होणार नाही," असं कोणी म्हणाला तर ती खोली घेऊ नका. कर क्रमांक त्या नोंदणीनंतरच येतो, आणि निवास परवान्यासाठीही नोंदणीचाच पुरावा मागतात. तसंच नागपुरात बसून, कोणी व्हिडिओ कॉलवर खोली न दाखवता "मी परदेशात आहे, पैसे पाठव, चावी कुरिअरने येईल," म्हणाला की संवाद तिथेच थांबवा.

डिपॉझिट परत देण्याची दिवसांची मुदत कायद्यात लिहिलेली नाही. व्यवहारात मालकाला तीन ते सहा महिने मिळतात, आणि सेवाखर्चाचा हिशेब बाकी असेल तर तो वाजवी रक्कम त्याहून जास्त काळ राखू शकतो. त्यामुळे शिक्षण संपवून नागपूरला परतणार असाल तर जर्मन बँक खातं लगेच बंद करू नका, आणि नवीन पत्ता व आयबॅन क्रमांक मालकाला लेखी कळवून जा. कापलेल्या रकमेचा तपशील मिळत नसेल तर विद्यापीठातल्या विद्यार्थी परिषदेकडे, 'आस्टा'कडे, कायदा सल्ल्याची सोय आहे का ते आधी विचारा. नसेल तर शहराच्या भाडेकरू संघटनेचं सदस्यत्व घ्या. त्यांचं एक पत्र गेलं की बरेच मालक हिशेब लावून पाठवतात.