लॅम्ब शिफ्ट: आकडा जुळला म्हणून फसू नका, या चुका टाळा

डिरॅकच्या १९२८ सालच्या समीकरणानुसार हायड्रोजनच्या पातळीची ऊर्जा फक्त मुख्य क्वांटम अंक n आणि एकूण कोनीय संवेग j यांवर ठरते. 2S1/2 आणि 2P1/2 या दोन्ही पातळ्यांचे n आणि j सारखेच असल्यामुळे त्यांची ऊर्जाही तंतोतंत सारखी असायला हवी. प्रत्यक्षात १९४७ साली कोलंबिया विद्यापीठात विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांना 2S1/2 ही पातळी सुमारे १००० मेगाहर्ट्झने वर आढळली. आज हा फरक, म्हणजेच लॅम्ब शिफ्ट, १०५७.८ मेगाहर्ट्झ मानला जातो. निर्वातातील विद्युतचुंबकीय क्षेत्र कधीच पूर्ण शांत नसते आणि त्याच्या चढउतारांमुळे इलेक्ट्रॉन किंचित थरथरतो. त्यामुळे केंद्राजवळचे आकर्षण त्याला थोडे पुसट झालेले जाणवते. S अवस्थेतील इलेक्ट्रॉन केंद्रापाशी सापडण्याची शक्यता असते, तर P अवस्थेतील जवळजवळ नसतेच, म्हणून S पातळी वर सरकते आणि P पातळी जवळपास जागीच राहते. इथवर पुण्यातील एम.एस्सी.चे बहुतेक विद्यार्थी बरोबर सांगतात, आणि पुढे गणित मांडताना दरवर्षी त्याच ठिकाणी घसरतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक बेथेच्या सूत्रात होते. हान्स बेथे यांनी १९४७ सालीच, सापेक्षता न वापरता, या सरकण्याचा अंदाज काढला. मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या वाट्यालाही जी ऊर्जा येते ती आधी वजा केली, की 2S पातळीसाठी उत्तर इतक्या साध्या रूपात येते:

```
ΔE ≈ 136 MHz × ln( mc² / E )
```

येथे mc² म्हणजे इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा, ५,११,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि E म्हणजे सरासरी उत्तेजन ऊर्जा. घाईत असलेला विद्यार्थी E च्या जागी हायड्रोजनची ओळखीची १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ही आयनीकरण ऊर्जा घालतो. लॉगॅरिदम १०.५ येतो आणि उत्तर येते १४२८ मेगाहर्ट्झ.

हे उत्तर चुकीचे तर आहेच, शिवाय ते फसवेही आहे. एका सेमिनारमध्ये एका हुशार मुलाने हाच आकडा फळ्यावर लिहिला आणि मोठ्या समाधानाने सांगितले की खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत दिसणारी हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा आपल्याला सिद्धांतातून मिळाली. विज्ञान दिनाला नारायणगावजवळ जाऊन जीएमआरटी पाहून आलेल्या पुण्याच्या मुलाच्या डोक्यात १४२० हा आकडा पक्का बसलेला असतो, आणि एका टक्क्याच्याही आत जुळणारे उत्तर पाहून वर्गातही कोणी शंका घेतली नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की हायड्रोजन काढून ड्युटेरियम घ्या आणि दोन्ही आकडे पुन्हा काढा. त्याच्या सूत्रात केंद्राचे चुंबकत्व कुठेच नव्हते, त्यामुळे त्याचे उत्तर जवळपास होते तिथेच राहिले. पण ती रेडिओ रेषा ड्युटेरियममध्ये थेट ३२७ मेगाहर्ट्झवर उतरते, कारण ती n = १ या तळपातळीत इलेक्ट्रॉन आणि केंद्र यांच्या चुंबकीय आघूर्णांमधील परस्परक्रियेतून निर्माण होते. खरी लॅम्ब शिफ्ट ड्युटेरियममध्ये सुमारे १०५९ मेगाहर्ट्झ असते, म्हणजे ती जेमतेम हलते. एका बाजूला चौपटीहून जास्त घसरण आणि दुसऱ्या बाजूला मेगाहर्ट्झभराचा फरक, हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर पुढे काही समजावावे लागले नाही.

मग E किती घ्यायची? बेथे यांनी ती १७.८ रिडबर्ग, म्हणजे सुमारे २४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट काढली. नवख्यांना ही ऊर्जा विचित्र वाटते, कारण ती अणूच्या कोणत्याही बद्ध पातळीपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण S अवस्थेतील इलेक्ट्रॉन केंद्राला भिडतो, तिथे त्याचा संवेग फार मोठा असतो, आणि म्हणून या सरासरीत अणू सोडून दूर जाणाऱ्या अवस्थांचा वाटा मोठा असतो. २४२ घातल्यावर लॉगॅरिदम ७.६५ होतो आणि उत्तर १०४० येते. बेथे यांनीही १०४० मेगाहर्ट्झ असेच दिले. ही सरासरी पुस्तकातून उचलून घालण्यापेक्षा एकदा तरी हाताने बेरीज करून काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लॉगॅरिदम सगळ्या चुका झाकतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. इथे तो ४०० मेगाहर्ट्झची चूक झाकत नाही.

याच सूत्राबाबत उलट्या दिशेची चूकही होते: १०४० हा आकडा प्रयोगाशी जुळला म्हणून तो अचूक मानला जातो. वरची मर्यादा mc² धरणे हा बेथे यांचा विचारपूर्वक केलेला तर्क होता. ती दुप्पट करून पाहा, उत्तर ९४ मेगाहर्ट्झने बदलते. मी हे प्रत्येकाला करायला लावते, कारण त्यानंतर दशांश चिन्हापुढचे आकडे लिहिण्याचा मोह आपोआप सुटतो.

‘निर्वाताचे ध्रुवीकरण हेच लॅम्ब शिफ्टचे कारण’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नये. साध्या हायड्रोजनमध्ये त्याचा वाटा उणे २७ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे तो 2S पातळीला खाली ढकलतो.

2P3/2 आणि 2P1/2 यांच्यातील सुमारे ११ गिगाहर्ट्झचे अंतर डिरॅकचे समीकरणच देते, त्याला लॅम्ब शिफ्ट म्हणू नये.

प्रयोगशाळेतील एक हट्ट मात्र थोडा विस्ताराने सांगायला हवा. डिस्चार्ज ट्यूब आणि ६०० रेषा प्रति मिलिमीटरचे ग्रेटिंग घेऊन लाल रेषा दुहेरी दिसली, की तिला लॅम्ब शिफ्ट ठरवण्याची घाई होते. ६५६ नॅनोमीटरला हे सरकणे ०.००१५ नॅनोमीटर भरते, आणि पहिल्या क्रमात त्याचा कोन होतो ०.२ सेकंद. कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरचे लघुत्तम माप बहुधा एक मिनिट, म्हणजे ६० सेकंद असते. शिवाय सामान्य तापमानालाही अणूंच्या धावपळीमुळे ही रेषा साडेपाच गिगाहर्ट्झहून जास्त रुंद होते, त्यामुळे भारी उपकरण आणले तरी साध्या ट्यूबमध्ये हा फरक त्या रुंदीत बुडून जातो. दुहेरी प्रतिमा दिसली तर आधी सरळ जाणारा, न वळलेला किरण पाहावा. तिथे सर्व तरंगलांबी एकत्र असतात. तोही दुहेरी दिसत असेल तर दोष ग्रेटिंगच्या काचेतील परावर्तनाचा किंवा स्लिटचा आहे. लॅम्ब आणि रेदरफर्ड यांनी दृश्य प्रकाशाचा नाद सोडून 2S अवस्थेतील अणूंच्या झोतावर थेट मायक्रोवेव्ह सोडले, त्याचे कारण हेच होते. 2S अवस्था सेकंदाचा सुमारे आठवा भाग टिकते आणि अणू धातूच्या पत्र्यावर आपटला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. मायक्रोवेव्हने अणू 2P मध्ये गेला तर तो १.६ नॅनोसेकंदात तळपातळीला येतो आणि पत्र्यावरून मिळणारा प्रवाह घटतो. डॉप्लर रुंदी वारंवारतेच्या प्रमाणात असल्यामुळे १ गिगाहर्ट्झला ती नगण्य राहते. इथे अडचण 2P च्या अल्पायुष्यामुळे येणाऱ्या १०० मेगाहर्ट्झ रुंदीची असते.

शेवटची चूक म्हणजे १९४७ नंतर हा विषय संपला असे समजणे. प्रोटॉनला आकार आहे, आणि त्यामुळे 2S पातळी सुमारे ०.१४ मेगाहर्ट्झने हलते. २०१० साली स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत इलेक्ट्रॉनऐवजी म्यूऑन असलेल्या हायड्रोजनमध्ये हेच अंतर मोजले, तेव्हा प्रोटॉनची त्रिज्या ०.८४२ फेम्टोमीटर निघाली. तोवर मान्य असलेली किंमत ०.८७७ होती. २०१९ साली कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या गटाने साध्या हायड्रोजनच्या लॅम्ब शिफ्टवरूनच ०.८३३ ही त्रिज्या काढली आणि ती लहान किमतीच्या बाजूने गेली. म्हणून सैद्धांतिक आकडा मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या दशांशापर्यंत द्यायचा असेल, तर त्यात प्रोटॉनची कोणती त्रिज्या वापरली हे त्याच ओळीत लिहावे.