उचल फिटली की नाही? टप्प्याटप्प्यानं बिल करणाऱ्या नवीन फ्रीलान्सरसाठी

कोटेशन कसं द्यायचं, इनव्हॉइसवर काय लिहायचं, टीडीएस म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते. नसेल तर एखाद्या सीएकडे अर्धा तास बसा, समजेल. मी सांगलीत विश्रामबागला राहून छोट्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करते. या कामात मला बिल बनवणं कधी जड गेलं नाही. जड गेलं ते एकच: आजच्या घडीला आपण ग्राहकाला काम देणं लागतो की ग्राहक आपल्याला पैसे देणं लागतो, हे ओळखणं.

ॲडव्हान्सबद्दल आधी मनाशी पक्कं करा. ऊसतोडीची टोळी हंगामाआधी उचल घेते आणि मग टनाटनानं ती फेडते. आपला ॲडव्हान्स तसाच आहे. खात्यात पडला म्हणून कमावला असं होत नाही. ‘50 टक्के आधी घे, मग बिनघोर राहा’ असं सांगणारे सिनियर भरपूर भेटतात. आधी पैसे घ्याच, त्याबद्दल वाद नाही. पण बिनघोर राहायचा सल्ला देणाऱ्याला विचारा, की अर्ध्या कामानंतरचे तीन महिने त्यानं कशावर काढले.

आता प्रत्यक्ष उदाहरण. तासगाव भागातल्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजचं आवक-जावक आणि भाड्याचं सॉफ्टवेअर. करार 1,80,000 रुपयांचा, माझा अंदाज 240 तासांचा, म्हणजे तासाला 750. टप्पे असे ठरले: करार झाल्यावर 54,000, डिझाइन मंजूर झाल्यावर 36,000, चाचणी आवृत्ती मंजूर झाल्यावर 54,000 आणि सॉफ्टवेअर चालू करून दिल्यावर 36,000.

पहिला महिना झकास गेला. दोन्ही टप्पे पार पडले, 90,000 चं बिल झालं, 10 टक्के टीडीएस कापून 81,000 खात्यात आले. काम मात्र 70 तासांचंच झालं होतं, म्हणजे 52,500 चं. खातं भरलेलं दिसत होतं आणि 37,500 रुपयांचं काम अंगावर होतं. इथं एक बारीक गोष्ट सांगून ठेवते. हिशोबात 90,000 धरायचे, 81,000 नाही. कापलेला टीडीएस तुमच्याच नावावर जमा होतो, 26एएसमध्ये दिसतो. बँकेतल्या आकड्यावर हिशोब मांडलात तर दर बिलाला दहा टक्क्यांची खोटी येणी उभी राहते.

मग बेदाण्याची आवक सुरू झाली. शेठ सकाळी सहापासून गाड्या उतरवून घेण्यात. चाचणीसाठी मला जुन्या लॉटचा डाटा हवा होता, पेट्या किती, कुठल्या चेंबरला, भाडं कुठल्या तारखेपासून. फोन केला की एकच उत्तर: “देतो की ताई, जरा सौदे होऊ देत.” त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पण माझा तिसरा टप्पा ‘मंजुरी’वर अडकला होता आणि मंजुरी द्यायला माणूस मोकळा नव्हता. मी काम करत राहिले. तास 230 झाले. बिल तिथंच, 90,000 वर.

माझ्या शीटमध्ये तेव्हा साधा हिशोब होता. 230 तास गुणिले 750, म्हणजे 1,72,500. त्यातून बिल झालेले 90,000 वजा. उरले 82,500. हा आकडा मी ‘बिल न झालेलं काम’ म्हणून धरला आणि त्याच्या भरवशावर कुपवाडच्या एका कारखान्याचं छोटं काम नाकारलं.

तो आकडा खोटा होता. हे जरा सावकाश वाचा, कारण नवीन माणूस हमखास इथंच फसतो.

करार ठरलेल्या रकमेचा आहे. तुम्ही 230 तास घाला नाहीतर 500, ग्राहक 1,80,000 च देणार. त्यामुळं घातलेले तास गुणिले दर म्हणजे तुमची मेहनत झाली, कमाई नव्हे. कमाई ठरते काम किती टक्के झालं यावर, आणि टक्के काढायला झालेल्या तासांइतकेच उरलेले तास लागतात. मी एक दिवस बसून उरलेल्या कामाची यादी नव्यानं केली. भाड्याची आकारणी, लॉट फोडून अर्धा माल बाहेर गेला तर काय, जुना डाटा चढवणं. बेरीज 90 तास आली. अंदाजाप्रमाणं 10 च उरायला हवे होते.

म्हणजे काम 240 तासांचं नव्हतंच, 320 चं होतं. 230 भागिले 320, म्हणजे 71.875 टक्के. 1,80,000 चे तेवढे टक्के म्हणजे 1,29,375. त्यातून 90,000 गेले की उरतात 39,375. माझ्या शीटमधले 82,500 कुठं आणि हे कुठं! मधले 43,125 कुणाकडून यायचे नव्हते. ते माझ्या चुकलेल्या अंदाजाचे होते आणि माझा खरा दर 750 वरून साडेपाचशेच्या आसपास आला होता.

घाबरू नका, अंदाज सगळ्यांचेच चुकतात. वाईट एवढंच, की जुन्या पद्धतीच्या शीटमध्ये काम जितकं लांबतं तितकी येणी फुगत जाते. तोट्यातलं काम श्रीमंती दाखवतं. ओळखायची खूण सोपी आहे. झालेलं बिल आणि ‘बिल न झालेलं काम’ यांची बेरीज कराराच्या रकमेला टेकायला आली आणि तरी काम संपलेलं नाही, तर समजा की दर आठवड्याला उरलेले तास मोजले जात नाहीयेत.

आता मी एका प्रोजेक्टला एकच ओळ ठेवते. B मध्ये कराराची रक्कम, C मध्ये झालेले तास, D मध्ये उरलेले तास, E मध्ये आजवरचं बिल, जीएसटी सोडून.

```
=ROUND(B2*C2/(C2+D2)-E2,0)
```

उत्तर अधिक आलं तर तेवढं काम बिल व्हायचं राहिलंय. उणे आलं तर तेवढी उचल फेडायची राहिलीय. D मधला आकडा दर शुक्रवारी यादी बघून नव्यानं लिहायचा. 240 मधून झालेले तास वजा करून तो काढाल, तर सगळी कसरत फुकट. महागडी इनव्हॉइसची ॲप मी वापरून पाहिली. बिलं देखणी निघतात, पण उरलेले तास तुमच्या डोक्यातच असतात, ते कुठलं ॲप काढून देणार?

ग्राहकानं मधेच वाढवलेलं काम या ओळीत घालू नका. शेठना रोजची शिल्लक व्हॉट्सॲपवर हवी झाली. त्याची वेगळी ओळ, वेगळी रक्कम आणि सुरू करण्याआधी मेसेजवर ‘हो’. ‘हो’ नसेल तर त्या तासांसमोर शून्य लिहायचं, कितीही जिवावर आलं तरी.

बिलाचा नमुना मी काकांकडून उचलला. ते सरकारी बांधकामाची कंत्राटं घेतात आणि त्यांचं रनिंग बिल नेहमी एकाच धाटणीचं असतं: आजपर्यंतचं एकूण काम, वजा मागची बिलं, बाकी हे बिल. मीही प्रत्येक इनव्हॉइसच्या खाली चार ओळी देते: कराराची रक्कम, याआधीची बिलं, हे बिल, शिल्लक. ॲडव्हान्सचं बिल केलेलं विसरून शेवटी पूर्ण रकमेचं बिल पाठवण्याचा घोळ यामुळं होत नाही. ग्राहकाचा अकाउंटंटही फोन करत नाही.

तिसरा टप्पा मी शेठशी बोलून दोन भागांत तोडला. चाचणी आवृत्ती हातात दिली की 27,000, डाटा चढवून झाला की 27,000. आणि एक वाक्य घातलं: आवृत्ती दिल्यापासून 7 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर टप्पा पूर्ण धरला जाईल. टप्पा नेहमी तुमच्या हातातल्या गोष्टीवर बांधा. ‘मंजुरी’ तुमच्या हातात नसते, ‘दिलं’ हे असतं. जीएसटी नोंदणी असेल तर याला आणखी एक बाजू आहे. तीन महिन्यांहून लांबच्या करारात पैसे टप्पा पूर्ण होण्याशी जोडलेले असतील, तर टप्पा पूर्ण होईल त्या तारखेपर्यंत इनव्हॉइस निघायला लागतं. शिवाय सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे आले तेव्हाच कर लागतो. म्हणून टप्पा कधी पूर्ण झाला हे मोघम ठेवून चालत नाही.

रिटेनरचं दुखणं वेगळं. पुण्याच्या एका एजन्सीशी माझं महिन्याला 20 तास, 16,000 रुपये, एक तारखेला आगाऊ बिल असं ठरलं होतं. न वापरलेले तास फक्त पुढच्या महिन्यात चालतील, एवढंच लिहिलं होतं. त्यांनी पहिल्या महिन्यात 12 वापरले, दुसऱ्यात 15, तिसऱ्यात 31. आता जादा तास किती?

दुसऱ्या महिन्यात आधी मागचे 8 खर्ची पडले असं धरलं, तर नवीन 7 जातात आणि 13 पुढं येतात. तिसऱ्या महिन्यात हातात 33, जादा काही नाही. उलट आधी चालू महिन्याचे 15 गेले असं धरलं, तर जुने 8 बुडतात, 5 पुढं येतात, हातात 25, म्हणजे 6 तास जादा, 800 प्रमाणं 4,800 रुपये. दोन्ही हिशोब बरोबर, कारण आधी कुठले तास वापरायचे हे करारात नव्हतं. मोघम करारात ओढाताण करण्यापेक्षा मी पहिला हिशोब मान्य केला आणि पुढच्या करारात ‘आधी चालू महिन्याचे तास’ असं लिहून घेतलं. तास संपत आले की काम करायच्या आधी कळवायचं, हेही त्यातच. महिनाअखेर सहा तासांचं बिल अचानक आलं तर कुणीही कुरकुर करणारच. आणि एकाच ग्राहकाचं रिटेनर आणि प्रोजेक्ट दोन्ही असेल, तर तास लिहितानाच खातं ठरवा. नंतर आठवून वाटणी केली की एक तास दोन्हीकडं लागतो.

शेवटचं, काम मधेच थांबलं तर. पहिल्या महिन्याअखेर शेठनी ‘राहू दे’ म्हटलं असतं, तर माझ्या ओळीत उणे 37,500 होते. ॲडव्हान्स परत मिळणार नाही असं करारात नसताना ते मागायला मोकळे होते. म्हणून आता माझ्या करारात असतं: काम थांबलं तर त्या दिवसापर्यंतच्या पूर्ण टक्क्यांचे पैसे माझे, पहिल्या टप्प्यातले 20,000 परत नाहीत, उरलेले 30 दिवसांत परत. रिटेनरमध्ये चालू महिन्याचे पैसे परत नाहीत. आणि ज्या प्रोजेक्टची ओळ उणे आहे, तेवढी रक्कम मी दुसऱ्या बचत खात्यात टाकून ठेवते. शुक्रवारी आकडा बदलला की तेवढेच पैसे इकडं घेते.