अल्सरच्या एमसीक्यूत आधी 'दुखतं का' ते बघा

जेनिटल अल्सरच्या एमसीक्यूत सिफिलिस, शँक्रॉइड आणि एलजीव्हीची गल्लत होत असेल तर ऑर्गॅनिझम आठवत बसू नका, आधी दोनच गोष्टी शोधा.

१. अल्सर दुखतो का?
२. जांघेतली गाठ दुखते का?

दोन्ही दुखतात आणि अल्सर मऊ, कडा वेड्यावाकड्या, तर शँक्रॉइड, म्हणजे हिमोफिलस ड्युक्रेयी, अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच. दोन्ही दुखत नाहीत, अल्सर कडक, तर सिफिलिस, म्हणजे ट्रेपोनेमा पॅलिडम, बेंझाथीन पेनिसिलिन. खरी फसवणूक एलजीव्हीत, अल्सर न दुखता भरून गेलेला असतो आणि पेशंट फक्त दुखरी गाठ घेऊन येतो, तिथे क्लॅमिडिया एल१ ते एल३, डॉक्सीसायक्लिन २१ दिवस.

फक्त बारीक फोडांचा पुंजका लिहिला असेल तर हर्पिस, तोही दुखतोच.