लॅपटॉपला शिव्या घालण्याआधी अंगातला शर्ट बघा

मालिकांच्या सेटवर कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला घरी आल्यावरही सुट्टी नसते. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचं ऑफिस आता बेडरूममध्ये भरतं, त्यामुळे "ताई, कॉलवर मी अशी का दिसते?" हे मला लिफ्टमध्येसुद्धा ऐकावं लागतं. सगळ्यांच्या चुका त्याच, म्हणून एकदाच लिहून टाकते.

बारीक चौकडी

माझी सगळ्यात नावडती चूक हीच. चौथ्या मजल्यावरच्या एका मुलीला नवी नोकरी लागली, आठवड्यातले काही दिवस घरून काम. तिने दादरला जाऊन हौसेने फॉर्मल शर्ट घेतले, सगळे एकाच जातीचे: पांढऱ्यावर निळी बारीक चौकडी. आरशात झकास. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "तुझा व्हिडिओ थरथरतोय." झालं! तिने राउटर हॉलमधून बेडरूममध्ये आणला, इंटरनेटवाल्याला बोलावून त्याच्याशी भांडली, आणि शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून वेगळा कॅमेरा विकत घेतला. थरथर तशीच. मग आई तिला घेऊन माझ्याकडे आली.

मी तिला तिच्या खोलीत बसवलं आणि माझ्या फोनवरून तोच कॉल लावला. शर्टावर पाण्यावर तेल पसरावं तशा रंगीत लाटा फिरत होत्या. मागची भिंत मात्र स्वच्छ, आणि चेहराही स्थिर. तिला म्हटलं, वीतभर पुढे सरक. लाटांचा आकार बदलला. मागे रेल म्हटलं, परत बदलला. एवढ्यावर निदान पक्कं होतं. दोष नेटचा असता तर चेहराही फुटला असता. आणि ट्यूबलाइटचा असता तर भिंतीसकट सगळ्या चित्रावरून पट्टे सरकले असते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६०च्या जागी ५० हर्ट्झ करायचं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

असं का होतं? लॅपटॉपसमोर दोन फुटांवर बसलं की चित्रात साधारण ९० सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. ७२० पी चित्रात आडवे १२८० ठिपके असतात, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला पाऊण मिलिमीटरच्या आसपास कापड येतं. पण मीटिंगमध्ये दहा-बारा जण असले की समोरच्याच्या स्क्रीनवर तुम्ही छोट्या चौकोनात जाता. तो चौकोन ३२० ठिपक्यांचा धरला, तर एका ठिपक्यात जवळजवळ तीन मिलिमीटर कापड कोंबलं जातं. दोन मिलिमीटरची चौकडी त्यात मावणार कशी? रेघा आणि ठिपके एकमेकांत अडकतात आणि कापडावर नसलेलीच नक्षी उमटते. श्वास घेतला तरी ती हलते. सेटवर आमचे कॅमेरामन अशा कपड्याला 'स्ट्रोब मारतोय' म्हणून लांबूनच हाकलतात. तिचा नवा कॅमेरा वाया गेला तो यामुळेच. कॅमेरा कितीही चांगला असला तरी समोरच्याच्या स्क्रीनवरचा चौकोन लहानच राहतो.

माझी सवय सोपी आहे. दुकानात कापडावर करंगळीचं नख ठेवते. नखाच्या रुंदीत एकाहून जास्त रेघा बसल्या, तर ते कापड कॉलसाठी घ्यायचं नाही. रेघा मोठ्या असल्या की चालतात, आणि रेघेच्या व कापडाच्या रंगात उजेड-अंधाराचा फारसा फरक नसला तरी चालतात. म्हणूनच गडद खणाचा ब्लाऊज बारीक नक्षी असूनही बहुतेक वेळा निभावतो, पण पांढऱ्यावर काळी हाउंडस्टूथ, म्हणजे दातेरी कडांची चौकडी, कधीच निभावत नाही. त्या मुलीचे शर्ट फेकायला लावले नाहीत. वरून गडद निळं, बिनबाह्यांचं जाकीट घालायला सांगितलं. चौकडी फक्त कॉलरपुरती उरली.

पांढराशुभ्र आणि काळाकुट्ट

कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड मोजून सरासरी काढतो. छातीभर पांढरा कपडा दिसला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो चित्र काळवंडून टाकतो. शर्ट छान दिसतो, चेहरा भर दुपारी संध्याकाळचा. सावळ्या माणसांना हे जास्त भोवतं, आणि मग ती बिचारी रिंग लाइट आणतात, ज्याचे चष्म्यात दोन गोल चंद्र उगवतात. काळ्याचं उलटं होतं: कॅमेरा उजेड वाढवतो, चेहरा पिठूळ होतो, आणि पावसाळ्यातल्या अंधाऱ्या खोलीत वर दाणे दिसायला लागतात. काही नवे लॅपटॉप चेहरा ओळखून उजेड ठरवतात, तिथे हा त्रास कमी. पण त्या भरवशावर कपडे घेऊ नका.

मधले रंग घ्या: चिंतामणी, मोरपंखी, पारवा, विटकरी, अंजिरी, शेवाळी. गोऱ्यांना हा रंग आणि सावळ्यांना तो, असली कोष्टकं मी मानत नाही. कॉलवर रंग किती गडद आहे यावर जास्त अवलंबून असतं. पांढरा घालायचाच असेल तर त्यावर ओढणी किंवा जाकीट घेऊन त्याचा वाटा कमी करा.

लाल

नवरात्रात लालच्या दिवशी सगळी टीम भडक लाल घालून बसते आणि प्रत्येकीच्या खांद्याची कड पसरलेली दिसते. व्हिडिओ पाठवताना उजेडाचा तपशील पूर्ण ठेवतात, रंगाचा मात्र निम्मा, आडवा आणि उभा दोन्हीकडे. लालभडकमध्ये ते सगळ्यात आधी कळतं. डाळिंबी किंवा मरून घ्या, दिवसाचा रंगही साधतो.

गळा

आरशात अख्खी उभी राहून गळा ठरवतात, ही गोची आहे. कॉलवर चित्र छातीवरच कापलं जातं. बोट नेक किंवा खांद्यावरून उतरणारा गळा असला की चौकोनात कपडा कमी आणि खांदे जास्त उरतात. उलट गळ्याला घट्ट बसणारा गोल टी-शर्ट मान गिळतो. छोटा व्ही किंवा उघडं बटण असलेली कॉलर यांत मान मोकळी दिसते. टेलरला मी पुढचा गळा खांद्यापासून सहा इंच सांगते, फार तर साडेसहा. टेलर "मॅडम, सातचीच फॅशन आहे" म्हणणार, ऐकू नका. शिवून आला की खुर्चीत बसून टाइप करायला वाका आणि पडद्यावर बघा. कॅमेरा वरून बघतो, आणि उभं राहून शोभणारा गळा वाकल्यावर काय दाखवतो ते तिथेच कळतं. साडीचा पदर पिन करा. मोकळा पदर दर पाच मिनिटांनी सावरत बसलात की लोक तुमच्या आकड्यांकडे बघतच नाहीत.

बाकी किरकोळ: क्रीम भिंतीसमोर क्रीम कुर्ता नको, बनावट बॅकग्राउंड खांदा खाऊन टाकतं. हिरव्या पडद्याचा पर्याय चालू असेल तर हिरवा कुर्ता घालू नका, पोटाच्या जागी महाबळेश्वर दिसेल. झुमके हेडसेटच्या माइकला लागतात.

आणि तपासणी मीटिंगच्या दोन मिनिटं आधी करू नका. स्वतःच्या खिडकीत दिसणारं चित्र दुसऱ्याला दिसतंच असं नाही. आदल्या रात्री फोनवरून तोच कॉल जोडा, फोनवर चौकोन छोटा करा, आणि उद्याचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसून थोडं हला. लाट दिसली, तर कपाटातून दुसरा शर्ट काढून इस्त्रीला द्यायला वेळ असतो.